३१ जुलैची आठवण मे महिन्यातच हवी

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात देशातील पगारदारांच्या मोबाइलवर एकाच मजकुराचे संदेश येऊ लागतात. विवरणपत्र भरण्यास इतके दिवस उरले, अखेरच्या दिवसाची वाट पाहू नका. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्याचा परिणाम काय होतो हे २०२४च्या आकड्यांवरून दिसते. त्या वर्षी ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली आणि त्यांपैकी ६९ लाख ९२ हजार एकट्या ३१ जुलैच्या दिवशी. म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा अगदी शेवटच्या दिवशी आला. त्या संध्याकाळी सात ते आठ या एका तासात पाच लाखांहून अधिक लोकांनी विवरणपत्र पाठवले. प्राप्तिकर विभागाने हा आकडा आपल्या यंत्रणेच्या क्षमतेचा पुरावा म्हणून जाहीर केला आणि यंत्रणेपुरते ते खरेही होते. मात्र त्या एका तासात ज्यांना आपल्या कागदांत चूक आढळली असेल, त्यांच्यापाशी ती दुरुस्त करून घेण्यास वेळ उरलेला नव्हता.

पगारदाराच्या विवरणपत्रातील बहुतेक चुका त्याच्या स्वतःच्या हातून झालेल्या नसतात आणि त्या दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. तो अधिकार कंपनीच्या वेतन विभागाकडे किंवा बँकेकडे असतो आणि दुरुस्तीला आठवडे लागतात. म्हणून आठवण करून द्यायची ती विवरणपत्र भरण्याची नव्हे, कागद गोळा करून ते ताडून पाहण्याची, आणि ती मे महिन्यात. शेवटच्या आठवड्यातील आठवण माणसाला फक्त घाई करायला लावते, आणि घाईत तो समोरचा आकडा खरा मानून पुढे जातो.

हे समजण्यासाठी तीन तारखा ध्यानात घ्याव्या लागतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीत पगारातून कापलेल्या कराचा, म्हणजे टीडीएसचा, तपशील कंपनीने ३१ मेपर्यंत विभागाकडे द्यायचा असतो. तो दाखल झाल्यावरच ही कपात कर्मचाऱ्याच्या नावावर ‘२६एएस’ या करखात्याच्या उताऱ्यात दिसू लागते. बँका, म्युच्युअल फंड आणि अन्य संस्थाही आपली वार्षिक माहिती याच सुमारास पाठवतात आणि ती ‘एआयएस’ या वार्षिक माहिती विवरणात उतरते. त्यानंतर १५ जूनपर्यंत कंपनीने कर्मचाऱ्याला फॉर्म १६ द्यायचा असतो. म्हणजे जूनच्या मध्यापूर्वी चित्र पूर्ण होत नाही, आणि ३१ जुलैला दार बंद होते. मधल्या साधारण साडेसहा आठवड्यांतच तपासणी, दुरुस्तीची मागणी, दुरुस्ती आणि तिची नोंद हे सारे घडावे लागते. ही मुदत पुरेशी आहे, पण पहिल्या दिवसापासून वापरली तरच.

या तारखांतून आणखी एक गोष्ट निघते. लवकर तयारी करणे आणि लवकर विवरणपत्र भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यातच किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात विवरणपत्र पाठवून मोकळे होणारे उत्साही लोकही अडचणीत येतात, कारण तोवर शेवटच्या तिमाहीची कपात खात्यावर आलेलीच नसते. संकेतस्थळावर विवरणपत्र आधीच भरलेले मिळते, मग चिंता कसली, असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. पण तो मजकूर याच विवरणांमधून उचललेला असतो. कंपनीने कपात कमी दाखवली असेल, तर तयार विवरणपत्रातही ती कमीच दिसेल. ही सोय टंकलेखनाचे कष्ट वाचवते, तपासणीचे वाचवत नाही.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. बेंगळूरुमध्ये वर्षाला १४ लाख रुपये पगारावर असलेल्या एका अभियंत्याने सप्टेंबर २०२५च्या अखेरीस नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून हैदराबादमध्ये तेवढ्याच पगारावर दुसरी धरली, असे समजू. त्याने नवी करप्रणाली ठेवली आहे आणि पगाराखेरीज उत्पन्न नाही. १४ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार उरते. २०२५-२६च्या दरांनुसार त्यावर कर ७८,७५० रुपये आणि ४ टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये होतो. पहिल्या कंपनीने वर्षभराचा पगार गृहीत धरून दरमहा ६,८२५ रुपये कापले. सहा महिन्यांचे झाले ४०,९५०. येथवर सारे ठीक आहे.

दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत मात्र या माणसाचे वर्ष ऑक्टोबरपासून सुरू होते. आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून द्यायची असते. ती त्याने दिली नाही, आणि कंपनीनेही आग्रह धरला नाही. त्यामुळे कंपनीच्या लेखी त्याचे वार्षिक उत्पन्न सात लाख ठरले. प्रमाणित वजावट पुन्हा एकदा दिली गेली, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरची करसवलतही लागू झाली आणि कपात शून्यावर आली. हाती पगार थोडा जास्त पडतो, तेव्हा कोणी तक्रार करत नाही. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ आपापल्या जागी अचूक असतात. दोन्ही एकत्र ठेवले की मात्र उरलेले ४०,९५० रुपये समोर येतात.

आता हा आकडा कधी समोर येतो यावर सारे अवलंबून आहे. फेब्रुवारीत कंपनी गुंतवणुकीचे पुरावे मागते, त्याच वेळी जुनी पगारपत्रके काढून पाहिली असती, तर फॉर्म १२बी देऊन उरलेला कर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापून घेता आला असता आणि व्याजाचा प्रश्नच आला नसता. मे महिन्यात लक्षात आले तर व्याज सुरू झालेले असते, पण निर्णय स्वतःच्या हातात असतो. अग्रिम कराचे हप्ते चुकल्याबद्दल साधारण दोन हजार रुपये आणि एप्रिलपासून दरमहा एक टक्का, म्हणजे सुमारे ४०९ रुपये, एवढा भुर्दंड पडतो. विवरणपत्र भरण्याची वाट न पाहता हा कर आधीच भरून ते मासिक व्याज थांबवता येते. ही रक्कम मोठी नाही, हे मान्य केले पाहिजे.

३१ जुलैच्या रात्री तोच आकडा पडद्यावर उमटला की चित्र बदलते. महिनाअखेरीस ४० हजारांहून अधिक रुपये हाताशी असतातच असे नाही. शिवाय आकडा अनपेक्षित असल्याने तो चुकीचाच असावा असे वाटते. अशा वेळी दोन मार्ग सुचतात. एक, विवरणपत्र पुढे ढकलण्याचा. मग पाच हजार रुपयांपर्यंतचे विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर दरमहा आणखी एक टक्का व्याज लागू होते. दुसरा, एकच फॉर्म १६ दाखवून दुसरा विसरून जाण्याचा. हा मार्ग सर्वांत वाईट, कारण दोन्ही कंपन्यांचा पगार एआयएसमध्ये नोंदलेला असतो आणि संगणक ती तफावत पकडतो. उत्पन्न कमी दाखवल्याचे ठरले तर त्यावरील कराच्या ५० टक्के आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के दंडाची तरतूद कायद्यात आहे. फेब्रुवारीत एका फॉर्मने मिटणारी बाब अशी नोटिशीपर्यंत जाते.

नोकरी बदलणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ जूनमध्ये तयार होतो, पण तो पुष्कळदा कार्यालयीन ई-मेलवर किंवा कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत संकेतस्थळावर टाकला जातो. नोकरी सोडली त्या दिवशीच हे दोन्ही बंद झालेले असतात. मग जुन्या सहकाऱ्यांना फोन, मनुष्यबळ विभागाला पत्र, उत्तराची प्रतीक्षा. कायद्याने कंपनीवर फॉर्म १६ देण्याचे बंधन आहे आणि टाळाटाळ केल्यास दंडही आहे, पण तो दंड होईपर्यंत आपली मुदत थांबत नाही. मे महिन्यात आपला खासगी ई-मेल पत्ता जुन्या कंपनीकडे लेखी नोंदवून ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे. आणि फॉर्म १६ मिळालाच नाही तरी पगारपत्रके व २६एएस यांच्या आधारे विवरणपत्र भरता येते. पण त्यासाठी सहा महिन्यांची पगारपत्रके हाताशी हवीत, आणि तीही त्याच बंद झालेल्या संकेतस्थळावर असतात.

नोकरी न बदललेल्या माणसाने काय पाहावे? तीन आकडे शेजारी मांडावेत. मार्चच्या पगारपत्रकावरील वर्षभराची एकूण करकपात, फॉर्म १६च्या भाग ‘अ’मधील तिमाहीनिहाय कपातीची बेरीज आणि २६एएसमधील त्याच कंपनीच्या नावापुढची रक्कम. तिन्ही जुळले की मोठे काम झाले. पगारपत्रकात कपात दिसते पण २६एएसमध्ये कमी दिसते, तेव्हा कंपनीने पैसे भरले नसावेत, तपशील उशिरा दिला असावा किंवा पॅन क्रमांकात एखादे अक्षर चुकले असावे. कोणती तिमाही जुळत नाही ते पाहिले की कारणाचा माग लागतो. फक्त शेवटची तिमाही गायब असेल तर बहुधा तपशील उशिरा गेला आहे. संपूर्ण वर्षच नसेल तर पॅनची शंका घ्यावी.

यातील कोणतीही चूक कर्मचारी स्वतः दुरुस्त करू शकत नाही. कंपनीला दुरुस्तीचे विवरण पुन्हा दाखल करावे लागते, ते तपासले जाते आणि मग काही दिवसांनी २६एएसमध्ये बदल दिसतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लेखी मागणी केली तर जुलैच्या मध्यापर्यंत हे पूर्ण होण्याची आशा बाळगता येते. २८ जुलैला केली तर नाही. कायद्यातील कलम २०५ सांगते की, पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. पण विवरणपत्रांची छाननी करणारे बेंगळूरुचे केंद्र २६एएसमधली नोंद पाहते, पगारपत्रक पाहत नाही. त्यामुळे मागणीची सूचना आधी येते आणि संरक्षण नंतर, उत्तर व पुरावे दिल्यावर मिळते. पगारपत्रके जपून ठेवायची ती यासाठी.

बँकेने एखाद्या ठेवीचे व्याज दोनदा कळवले असेल किंवा संयुक्त ठेवीचे सारे व्याज एकाच्याच नावावर दाखवले असेल, तर एआयएसमध्येच आक्षेप नोंदवता येतो. तो आक्षेप माहिती देणाऱ्या संस्थेकडे पडताळणीसाठी जातो आणि तिच्या उत्तराची स्थितीही दिसते. ही सोय चांगली आहे, पण तिथेही समोरच्या संस्थेने उत्तर देईपर्यंत थांबावेच लागते.

जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांसाठी तारखेचे महत्त्व आणखी वेगळे आहे आणि याची जाणीव फारच थोड्यांना असते. २०२३-२४पासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली झाली. पगारदाराला दरवर्षी जुनी निवडता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. ३१ जुलै उलटला की विलंब शुल्क भरून ३१ डिसेंबरपर्यंत विवरणपत्र देता येते, मात्र ते नव्या प्रणालीनुसारच. समजा, २० लाख पगाराच्या एका व्यक्तीला घरभाडे भत्ता, परगावच्या घराच्या कर्जावरील व्याज, कलम ८०सीखालची गुंतवणूक, आरोग्यविमा आणि प्रमाणित वजावट मिळून सव्वाआठ लाखांची सूट मिळते. जुन्या प्रणालीत तिचा कर उपकरासह १,७१,६०० रुपये होतो, तर नव्या प्रणालीत १,९२,४००. म्हणजे एका दिवसाच्या उशिराने २०,८०० रुपये जातात आणि विलंब शुल्क त्याहून वेगळे. २०२४मध्ये मुदतीत आलेल्या विवरणपत्रांपैकी २ कोटी १ लाख जुन्या प्रणालीतील होती. या सर्वांच्या बाबतीत पाच हजारांचे विलंब शुल्क हा उशिराचा सर्वांत लहान दंड असू शकतो.

आणि याच लोकांचे कागद सर्वाधिक. पूर्वी वजावटीची नुसती रक्कम लिहून चालत असे. २०२५पासून विवरणपत्रात विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव व कर्जखाते क्रमांक, घरभाड्याचा तपशील अशी माहिती मागितली जाऊ लागली. वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे देणाऱ्याला घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो, आणि तो मिळवणे हे कित्येक शहरांत एक लहानसे राजनैतिक कामच असते. गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, विम्याच्या पावत्या, बँकांचे व्याजाचे दाखले यांपैकी कशासाठीही १५ जूनची वाट पाहावी लागत नाही. हे सारे मे महिन्यात मिळते. विभागाच्या संकेतस्थळावर परताव्यासाठी नोंदवलेले बँक खाते चालू आहे का, आणि ज्या मोबाइलवर आधारचा सांकेतिक क्रमांक येतो तो क्रमांक अजून आपलाच आहे का, हेही तेव्हाच पाहता येते. कारण विवरणपत्र पाठवून काम संपत नाही. ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी न झाल्यास मुदतीत भरलेले विवरणपत्रही उशिराचे ठरू शकते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुदत वाढतेच की! २०२५मध्ये ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि त्या दिवशी पुन्हा एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली. पण त्या वर्षीची मोठी वाढ मे महिन्याच्या अखेरीसच जाहीर झाली होती आणि तिचे कारण विवरणपत्रांच्या नमुन्यांतील मोठे बदल व यंत्रणेच्या तयारीस लागणारा वेळ असे सांगितले गेले. शेवटच्या क्षणी आलेली वाढ फक्त एका दिवसाची होती. त्याआधीच्या वर्षी तर पगारदारांसाठी ३१ जुलैची मुदत तशीच राहिली. मुदतवाढीच्या भरवशावर बसणारा माणस दुसऱ्याच्या अडचणीवर आपले वेळापत्रक आखत असतो.

मात्र सगळी जबाबदारी नागरिकावर टाकून चालणार नाही. कोणत्या कंपनीने तपशील दिला, कोणाच्या पॅनवर दोन नियोक्त्यांचा पगार आहे, कोणाच्या खात्यावर चौथी तिमाही रिकामी आहे, हे सारे विभागाच्या संगणकाला जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाऊक असते. मग साऱ्यांना एकच ठोकळेबाज संदेश जुलैअखेरीस का? ‘आपल्या खात्यावर दोन नियोक्त्यांचा पगार दिसतो, एकत्रित कर तपासा’ किंवा ‘आपल्या कंपनीने शेवटच्या तिमाहीचा तपशील अद्याप दिलेला नाही’ असा संदेश जूनमध्ये गेला, तर नंतर पाठवाव्या लागणाऱ्या कितीतरी नोटिसा वाचतील. नमुने आणि संगणकप्रणाली एप्रिलच्या सुरुवातीला तयार असणे, ही त्याची पूर्वअट. कंपन्यांनीही नव्या कर्मचाऱ्याकडून फॉर्म १२बी रुजू होतानाच मागून घ्यावा, आणि नोकरी सोडणाऱ्याला निरोपाच्या दिवशी त्याची पगारपत्रके खासगी पत्त्यावर द्यावीत. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

१ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१च्या कायद्यानुसारच भरायचे आहे. त्यामुळे यंदाचा क्रम नेहमीचाच राहतो. मेच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हातातले कागद, जूनच्या मध्यात फॉर्म १६ आणि तीन आकड्यांची जुळणी, जूनअखेरपर्यंत दुरुस्तीची लेखी मागणी, जुलैच्या दहा तारखेच्या आसपास विवरणपत्र आणि त्याच बैठकीत पडताळणी. दिनदर्शिकेवर खूण करायचीच असेल, तर ती ३१ जुलैवर करू नये. तो दार बंद होण्याचा दिवस आहे. खूण १५ जूनवर करावी, कारण त्या दिवसापासून चूक दिसू लागते आणि ती दुरुस्त करून घेण्याइतका वेळही हाती असतो.